अठ्ठाविसाव्या फुटावरचा पाषाण

पहार दगडावर पडली की तिचा आवाज कानात बसतो. मुरमात ती थपकन रुतते. मांजऱ्यात पडली तर जराशी दबते आणि भुगा उडवते. काळ्या पाषाणावर मात्र ती खणकन वाजते आणि हातातून उलटी उडते, कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर उभा होतो आणि खालून तो खणकन आवाज आला. मुकादमाने वर बघितलं. मीही खाली बघितलं. दोघंही काही बोललो नाही, कारण दोघांनाही कळलं होतं की हा आवाज दहा फूट लवकर आलाय.

माझी शेती कोरडवाहू. त्यामुळे सुगी उरकली की चार महिने मी विहिरींची कामं अंगावर घ्यायचो. यारी भाड्याची, टोळी ठरलेली, सुरुंगाला परवान्याचा माणूस बाहेरून यायचा. मी फक्त काम घेणं, दर ठरवणं, हिशेब ठेवणं आणि मालकाशी बोलणं एवढंच करायचो. एवढंच म्हणतोय खरा, पण शेवटचं काम सगळ्यांत अवघड. दगड फुटतो. पण ठरल्यापेक्षा पैसे जास्त लागणार, हे मालकाच्या तोंडावर सांगायचं म्हणजे जीभ फुटत नाही.

हे काम 2004 च्या उन्हाळ्यातलं, आमच्या माणदेशातलंच. मालकाला मी तात्या म्हणायचो. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा माणूस. तीन एकराचं रान, वर्षाला एक पीक, आणि तेही पावसाच्या मर्जीवर. सोसायटीचं कर्ज काढून आणि दोन म्हशी विकून त्याने सव्वा लाख रुपये उभे केले होते. त्यात विहीर, मोटर आणि पाइपलाइन सगळं बसवायचं होतं.

विहीर चोवीस फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट खोल ठरली. आम्ही दर थराप्रमाणे लावायचो. मातीचा आणि मुरमाचा फुटाला 900 रुपये. मांजऱ्याचा, म्हणजे पांढरे ठिपके असलेला मऊ दगड लागतो त्याचा, 2,000. काळ्या पाषाणाचा 4,500. पाषाणाला एवढे का, तर चोवीस फुटी विहिरीत एक फूट खोली म्हणजे साडेचार ब्रास दगड निघतो. तो सगळा होल मारून, तोटे भरून, फोडून, मग बकेटीत भरून वर काढायचा. मऊ दगडात दिवसाला फूटभर सहज उतरता येतं, पाषाणात एका फुटाला दोन दिवस जातात.

पण जमिनीखाली कुठला थर किती, हे आधी कसं कळणार? त्याला आमच्याकडे एकच पुस्तक असतं, ते म्हणजे शेजारची विहीर. तात्याच्या भावकीतली एक विहीर वरच्या अंगाला साडेतीनशे फुटांवर होती. मी तिच्यात उतरून बघितलं. अठरा फुटांपर्यंत माती-मुरूम, तिथून अडतीस फुटांपर्यंत मांजऱ्या, आणि अडतीसला काळा पाषाण. पाषाणाच्या डोक्यावर बोटभर सांध होती आणि तिच्यातून झरा येत होता. मी तोच हिशेब तात्याच्या रानाला लावला. अठरा फूट नऊशेने 16,200, वीस फूट मांजऱ्या दोन हजाराने 40,000, खालचे सात फूट पाषाण साडेचार हजाराने 31,500. एकूण 87,700 रुपये. तात्याने बोटांवर मोजून बघितलं, मान हलवली आणि नारळ फोडला.

आता त्याच्या रानात पाषाण अडतीसला यायचा तो अठ्ठाविसालाच आला होता.

मुकादम वर आला, चुना-तंबाखू मळत बसला. म्हणाला, "अण्णा, गोटा असंल एखादा. एवढ्यात घाबरू नका."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मऊ दगडात कधीकधी मोठा गोटा अडकलेला असतो. तो फोडला की खाली पुन्हा मऊ लागतं. एका ठिकाणच्या आवाजावरून मालकाला जाऊन सांगितलं आणि मग तो गोटाच निघाला, तर आपण उगीच माणसाच्या काळजाला घोर लावला असं होतं. म्हणून मी त्या दिवशी सुरुंग भरू दिला नाही. ब्लास्टिंगच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावून विहिरीच्या तळात तीन ठिकाणी पाच-पाच फुटांचं होल मारायला लावलं, दोन कडेला आणि एक मध्यात. होलातून उडणारी भुकटी बघायची असते. मांजऱ्याची भुकटी मातकट, फिकी येते. पाषाणाची काळपट राखेसारखी येते आणि ड्रिलचा आवाज चढतो. तिन्ही होलांतून पाच फुटांपर्यंत काळीच भुकटी आली. म्हणजे गोटा नव्हता, थरच होता. पाच फुटांखाली काय, ते मला माहीत नव्हतं, आणि हे मी नंतर तात्यालाही तसंच सांगितलं.

थर दहा फूट लवकर का आला, हे मला रात्री अंथरुणावर कळलं. कळल्यावर झोप उडाली. आमच्याकडचा दगड जमिनीखाली बऱ्याच अंशी आडवा पसरलेला असतो, जमीन मात्र उताराने खाली येते. वरच्या विहिरीपासून तात्याच्या विहिरीपर्यंत यायला मी तीन ताली उतरत होतो. रोज उतरत होतो! प्रत्येक तालीला तीन-साडेतीन फूट पाय खाली जात होता आणि माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. वरच्या रानात जमिनीपासून अडतीस फुटांवर असलेला थर खालच्या रानात तितका उतार वजा करूनच लागणार. सकाळी उजाडायच्या आत मी लेव्हलची नळी आणि एक पोरगा घेऊन गेलो. पन्नास फुटांच्या नळीने टप्प्याटप्प्याने पाण्याची पातळी धरत वरपासून खालपर्यंत आलो. दहा फुटांना दोन बोटं कमी एवढा उतार भरला.

नारळ फोडायच्या आधी ही नळी धरली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं.

मुकादमाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मग काय झालं? तात्याला कशाला सांगताय आत्ताच? खणत ऱ्हावा. पंचेचाळीसला गेलो की बिल द्यायचं. पाणी लागल्यावर माणूस खुशीत असतुया." मी गप्प राहिलो तसा त्याने दुसरा रस्ता दाखवला. "न्हायतर आत घेत जाऊ. फुटाला चार बोटं. खाली कोण टेप लावतंय?"

हा दुसरा रस्ता आमच्या धंद्यात नवा नाही. विहीर वर चोवीस फूट असते आणि खाली जाईल तशी हळूहळू निमुळती होत जाते. काठावरून बघणाऱ्याला ती सरळच दिसते. ठेकेदाराचा दगड वाचतो आणि मालकाला वाटतं की ठरलेल्या पैशात काम झालं. ओळखायचं असेल तर ओळंबा सोडावा. काठावर मधोमध दोरी आडवी बांधून तिच्यावरून ओळंबा तळापर्यंत सोडायचा आणि तळात ओळंब्यापासून भिंतीपर्यंत चारी बाजूंनी टेप धरायचा. वर बारा फूट भरत असेल तर खालीही बारा भरलं पाहिजे. पण तळात पाणी आल्यावर कोण उतरून टेप धरणार?

पहिल्या रस्त्यात फसवणूक नाही असं वाटतं, पण तीच मोठी आहे असं माझं मत. त्या दिवशी तात्याने मला 36,000 दिले होते आणि काम झालं होतं 36,200 चं. अठरा फुटांचे 16,200 आणि दहा फूट मांजऱ्याचे 20,000. म्हणजे त्या दिवशी काम थांबवलं असतं तर कुणाचं कुणाकडे काही राहत नव्हतं. तात्याला 'नको' म्हणता आलं असतं. एक फूट पाषाण फोडला की साडेचार हजार त्याच्या अंगावर चढणार, पाच फूट फोडला की साडेबावीस हजार. मग त्याला विचारून काय उपयोग? अर्ध्यात आलेली विहीर कुणी सोडत नाही. त्याला विचारायचं होतं ते सुरुंग भरायच्या आधीच.

टोळीला मी सांगितलं, दोन दिवस वरचं डबर बाजूला लावा, कठडा साफ करा, रोज मिळेल. आणि एक वहीचं पान घेऊन बसलो. नुसतं 'तात्या, पैसे वाढतील' म्हणून गेलो असतो तर त्याने पहिलं विचारलं असतं, किती? आणि दुसरं विचारलं असतं, मग आता काय करू? या दोन्हीला उत्तर नसेल तर जाऊच नये.

ठरल्याप्रमाणे चोवीस फुटी विहीर पंचेचाळीसपर्यंत नेली, तर सतरा फूट पाषाण लागणार होता. त्याचे 76,500. आधीचे धरून 1,12,700. म्हणजे 25,000 जास्त. हा आकडा तपासून बघायला सोपा होता. दहा फूट मांजऱ्याऐवजी पाषाण झाला, फुटामागे अडीच हजारांचा फरक, दहा फुटांचे पंचवीस हजार. शिवाय झरा अठ्ठाविसालाच लागल्यामुळे सगळा पाषाण पाण्यात फोडायचा, रोज सकाळी इंजिन लावून उपसा करायचा. दिवसाचं डिझेल तीनशेचं धरलं तर वीस दिवस जादा म्हणजे आणखी सहा हजार.

दुसरी वाट म्हणजे अठ्ठाविसावरच थांबायचं आणि सांधीत आडवे बोअर घ्यायचे. विहिरीच्या भिंतीतून वरच्या अंगाला शंभर-शंभर फुटांचे तीन बोअर, फुटाला पन्नास रुपये, म्हणजे 15,000. एकूण खर्च 51,200, अंदाजापेक्षाही कमी. पण यात एक खोट होती. झरा तळालाच, त्याच्याखाली खड्डाच नाही. पाणी येईल, पण साठणार कुठं? फुटव्हॉल बुडायलाच दोन-तीन फूट पाणी लागतं.

तिसरी वाट, इथून कठडा सोडून विहीर वीस फुटी करायची. भोवतीनं दोन-दोन फुटांची पायरी राहील आणि खाली वीस फूट रुंदीने पंचेचाळीसपर्यंत जायचं. चोवीसाचे वीस, चारच फूट कमी, पण गोल आकाराचं गणित वेगळं असतं. चोवीस फुटीत फुटाला साडेचार ब्रास दगड आणि वीस फुटीत सव्वातीनला थोडा कमी. जवळजवळ तिसरा हिस्सा दगड वाचतो. दर मात्र तितका उतरत नाही, कारण यारीचं भाडं आणि टोळी तीच राहते. मी फुटाला 3,500 धरले. सतरा फुटांचे 59,500, आधीचे धरून 95,700. अंदाजापेक्षा आठ हजार जास्त.

मुकादम चोरून आत घ्यायला सांगत होता आणि मीही आतच घ्यायला सांगणार होतो. फरक एवढाच, की माझी पायरी तात्याला दिसणार होती आणि तिचे पैसे कमी होणार होते.

पण कुठली वाट चांगली, हे पैशावर ठरत नव्हतं, पाण्यावर ठरत होतं. म्हणून संध्याकाळी विहीर तळापर्यंत उपसली आणि खुणेची काठी उभी केली. बारा तासांनी सकाळी काठीवर दोन फूट पाणी चढलं होतं. चोवीस फुटी विहिरीत एका फुटात पावणेतेरा हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे रात्रीत पंचवीस हजार, दिवसरात्रीत पन्नास हजार लिटर. चैत्रातला झरा होता, त्यामुळे याच्याहून फार खाली जाईल असं वाटत नव्हतं.

एवढं सगळं पानावर लिहून मी तिसऱ्या दिवशी तात्याच्या घरी गेलो. बाजारात, पारावर भेटला असता, पण तिथं चार माणसांत सांगितलं तर माणूस हिशेब ऐकत नाही, स्वतःची लाज सांभाळतो. वहिनी चुलीपुढं होत्या. चहा आला. चहा संपायच्या आत मी बोललो, कारण चहा संपला की दुसराच विषय निघतो हे मला ठाऊक होतं.

"तात्या, विहिरीला पंचवीस हजार जास्त लागत्यात. काम थांबवलंय. तुमी सांगाल तवाच पुढं."

तात्याने बशी खाली ठेवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, तुमी सत्याऐंशी हजार सातशे म्हणाला हुता. माझ्याकडं लिहिल्यालं हाय."

"म्हणालो हुतो."

"मग?"

मी थर सांगितले, होलांची भुकटी सांगितली. मग तालींचं सांगितलं. हे सांगायलाच हवं होतं का, असं मला नंतर काहींनी विचारलं. पाषाण लवकर लागला म्हणालो असतो तरी भागलं असतं, जमिनीच्या पोटातलं कुणाला दिसतं? पण तात्या रोज त्या तीन ताली उतरतो. आज ना उद्या त्याच्या डोक्यात ते आलंच असतं. आणि मग माझ्या पानावरचा एकही आकडा त्याला खरा वाटला नसता.

तात्या तापला. "म्हंजे चूक तुमची! आन पैसं माझं? सोसायटीचं कर्ज काय तुमच्या नावावर हाय का?" त्याने दुकानदाराला पाइपाचे वीस हजार आधीच देऊन टाकले होते, माझ्या आकड्यावर विसंबून. विहिरीचे बाजूला काढल्यावर त्याच्याकडे मोटरीसाठी सतरा हजार उरत होते. पंचवीस कुठून आणणार?

मी म्हणालो, "तात्या, पाषाण मी आणून टाकला न्हाय. मी पहिल्याच दिवशी एक लाख बारा हजार सांगितलं असतं, तरी दगड तेवढाच फोडाय लागला असता. पर तुमी तवा इचार केला असता, इहीर बारकी धरली असती, पाइपाचं पैसं दिलं नसतं. ती संधी माझ्यामुळं गेली. त्याचं जे काय आसंल ते माझं."

हे मला तेव्हा एवढं नीट बोलता आलं होतं की आता लिहिताना नीट होतंय, सांगता येत नाही. मनात होतं ते हेच. दगडाची किंमत ज्याची विहीर त्याची. माझ्या चुकीची किंमत वेगळी काढायची आणि ती माझ्याकडे. दोन्ही एकत्र कालवलं की एक तर मालक सगळंच ठेकेदारावर ढकलतो, नाही तर ठेकेदार सगळंच जमिनीवर.

तात्या उठून बाहेर गेला. मी पान तिथंच ठेवून निघालो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, कागुद ऱ्हाऊ द्या. पोराकडनं वाचून घेती."

दोन दिवस तात्या विहिरीवर फिरकला नाही. यारीचं भाडं चढत होतं आणि ते मी भरत होतो. मुकादमाचं तोंड 'मी सांगत हुतो' असं झालं होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, काम गेलं. त्या वाटेवर एक-दोन कामं गेली आहेत माझी. एका मालकाने माझा हिशेब दुसऱ्या ठेकेदाराला दाखवून त्याच्याकडून कमी दर घेतला होता.

तिसऱ्या दिवशी दोघं आले. वहिनींच्या हातात पान होतं. त्या काठावर आल्या आणि खाली वाकून सांध बघितली, पाणी बघितलं. मग मला विचारलं, "चोवीस फुटी केली तर खाली किती पाणी मावंल?"

"सतरा फुटात दोन लाख अठरा हजार लिटर."

"आन वीस फुटी?"

"दीड लाख."

"आन येतंय दिसाला पन्नास हजार." त्यांनी मनात काही तरी मोजलं. "म्हंजे वीस फुटी तीन दिसांत भरती. चोवीस फुटीला चार दिसांच्या वर लागत्यात. आमचा कांदा उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिशी पाणी मागतुया. मग ती मोठी इहीर कवा भरायची?"

मी पान लिहिताना हे एवढ्या सरळ बघितलं नव्हतं. मी मोठी विहीर म्हणजे चांगली विहीर असं धरून चाललो होतो आणि लहान विहीर ही तडजोड समजत होतो. उन्हाळ्याच्या झऱ्याच्या मानाने वीस फुटीच पुरेशी होती. पावसाळ्यात चोवीस फुटीत जास्त पाणी राहिलं असतं हे खरं, पण पावसाळ्यात पाणी कुणाला पाहिजे असतं? आणि आडव्या बोअरच्या वाटेवर त्यांनी एकच प्रश्न टाकला. वीज रात्री येते, तीही आठ तास. ती आली की पाणी साठलेलं पाहिजे, झऱ्याची वाट बघत बसायला वेळ कुठला? म्हणून तीही वाट गेली.

तात्या अजून घुश्शातच होता. म्हणाला, "आठ हजार तरी आमी का द्यायचं?"

वहिनीच म्हणाल्या, "दगूड त्यांनी आणून टाकला न्हाय." मग माझ्याकडं वळून, "पर भावजी, तीन ताली तुमास्नी दिसाय पायजे हुत्या."

"दिसाय पायजे हुत्या," मी म्हणालो.

मग उभ्याउभ्याच ठरलं. वीस फुटीलाही उपशाचे दहा-बारा दिवस वाढत होते. ते साडेतीन हजारांच्या आसपासचं जादा डिझेल माझ्याकडं. थांबलेल्या दिवसांचं यारीचं भाडंही माझ्याकडं. आठ हजारांतले पाच दर आठवड्याच्या बाजारी थोडे थोडे द्यायचे, कारण टोळीची मजुरी थांबत नाही आणि तोटेवाला उधार ठेवत नाही. उरलेले तीन म्हणजे साधारण माझ्या हातात राहणारे पैसे. ते पुढच्या कांद्यावर. मोटर तात्याने त्या साली घेतली नाही, जुनं डिझेल इंजिन दुरुस्त करून वापरलं. मोटरीतले पैसे इकडे आले.

आणखी एक गोष्ट मी पानावर लिहिली आणि खाली सही केली. पुढे पुन्हा मऊ थर लागला, तर त्या फुटापासून दर उतरेल, आणि कुठून लागला ते तात्याने स्वतः खाली उतरून बघायचं. आधीच्या वेळी मी फक्त एकूण आकडा सांगितला होता. थर बदलला तर काय करायचं, हे बोललोच नव्हतो. तात्याने लिहून ठेवला होता तो शेवटचा आकडा, त्याच्या मागचे थर त्याच्याकडे नव्हतेच. चूक तालींची होती तशी ही पण होती.

मऊ थर काही लागला नाही. पंचेचाळीसपर्यंत काळाच पाषाण होता. सत्तावीस दिवस लागले. शेवटच्या दिवशी मी वरून दोरी बांधून ओळंबा सोडला आणि टेप तात्याच्या हातात दिला. तो खाली उतरला आणि चारी बाजूंनी दहा-दहा फूट मोजून आला. एका बाजूला दहाला चार बोटं कमी भरली. तेवढं पहारेने काढायला लावलं. मुकादम माझ्याकडे बघत होता, मी दुसरीकडे बघितलं.

कांद्याला त्या साली भाव बरा नव्हता. तीन हजार मला दोन हप्त्यांत मिळाले, दुसरा हप्ता तात्याने पोराच्या हातून पाठवला, स्वतः आला नाही. आमचं बोलणं होतं, पण पहिल्यासारखं व्हायला दोन-तीन वर्षं गेली.

त्यानंतर मी जेवढी कामं घेतली त्या सगळ्यांत आधी लेव्हलची नळी धरली. अंदाज सांगताना दोन आकडे सांगायला लागलो. थर शेजारच्या विहिरीसारखे लागले तर एवढे, आणि पाषाण दहा फूट वर आला तर एवढे. दुसरा आकडा ऐकून काही मालक मागे फिरायचे. फिरू द्यायचो.

परवा तात्याचा पोरगा आला होता. तात्या आता नाही. विहिरीला आडवे बोअर घ्यायचे आहेत म्हणाला, झरा कमी झालाय. खिशातून त्याने ते वहीचं पान काढलं, घड्यांवर फाटलेलं, तेलाचे डाग पडलेलं. त्यावर माझ्या अक्षरात अठ्ठाविसावर एक आडवी रेघ होती आणि तिच्या वरच्या अंगाला 'सांध, पाणी इथून' असं लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, बोअर इथंच मारायचं ना?"

मी म्हणालो, "इथंच. पर आधी नळी आण, रेघ कुठं येती ते बघू."